थांबणारं घड्याळ: तिकिटाची मुदत मोजताना

शुक्रवारी दुपारी ४:४० ला सपोर्ट टीमकडे एक तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, येतं. करारात लिहिलंय की कामाच्या ८ तासांत उत्तर मिळेल. टीमची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्यात पुढच्या सोमवारी सुट्टी आहे. मुदत कधी संपेल?

मी हा प्रश्न वेगवेगळ्या टीमना विचारतो आणि उत्तरं ठरावीक येतात. कुणी सरळ ८ तास मिळवून मध्यरात्री १२:४० म्हणतं. कुणी सुट्टी विसरून सोमवारी दुपारी ३:४० म्हणतं. आणि बरेच जण, त्यातही प्रोग्रॅम लिहिणारे, मंगळवारी सकाळी ९ म्हणतात. हे तिसरं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसायला बरोबर दिसतं. रात्र, शनिवार-रविवार, सुट्टी, सगळं त्यात धरलेलं आहे. तरीही ते चूक आहे. आधी ते कसं तयार होतं ते पाहू.

४:४० मध्ये ८ तास मिळवले की शनिवारची मध्यरात्र उलटून १२:४० होतात. प्रोग्रॅम बघतो, अरे, हा तर शनिवार. दोन दिवस पुढे ढकला. सोमवार झाला. सोमवारी सुट्टी, अजून एक दिवस ढकला. मंगळवार रात्रीचे १२:४०. यावेळी ऑफिस बंद, म्हणून उघडायच्या वेळेवर आणा. मंगळवार सकाळी ९. प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते, पण शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतरचे ६ तास ४० मिनिटं काम चालू नसतानाही त्या ८ तासांत खर्ची पडले. टीमला प्रत्यक्षात मिळाली फक्त शुक्रवारची ८० मिनिटं, आणि मंगळवारी दार उघडायच्या क्षणाला तिकीट लाल झालं.

चुकीचं मूळ पद्धतीत आहे. आधी साध्या घड्याळावर बेरीज करायची आणि मग उत्तर कुठे पडतंय ते बघून ते सरकवायचं, ही ती पद्धत. अशा हिशेबात फक्त शेवटचा बिंदू तपासला जातो, मधली रात्र तपासलीच जात नाही. मग तक्रार आली की एक नवीन अट घालायची, पुन्हा तक्रार आली की आणखी एक. असे हिशेब मी पुष्कळ पाहिलेत. अटी वाढत जातात आणि दर लांब सुट्टीनंतर नवा घोटाळा निघतो.

योग्य विचार असा करायचा की दोन घड्याळं आहेत. एक भिंतीवरचं, ते कधी थांबत नाही. दुसरं कामाचं घड्याळ. ते सकाळी ९ ला चालू होतं, ६ ला थांबतं, शनिवार-रविवारी हलत नाही, सुट्टीला हलत नाही. करारातले ८ तास या दुसऱ्या घड्याळाचे आहेत. त्यामुळे बेरीज त्याच घड्याळावर झाली पाहिजे, आणि अगदी शेवटी उत्तर भिंतीवरच्या घड्याळात सांगायचं.

आता आपलं तिकीट घेऊ. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. शुक्रवारी ४:४० ते ६ ही ८० मिनिटं गेली. उरली ४००. शनिवार, रविवार आणि सोमवारी शून्य. मंगळवारी सकाळी ९ पासून ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. मुदत मंगळवारी दुपारी ३:४० ला. कुठेही काही ढकललं नाही, सरकवलं नाही. फक्त कामाच्या खिडक्या एकामागून एक घेत गेलो आणि प्रत्येकीतून जितकं मावलं तितकं वजा केलं.

प्रोग्रॅममध्येही ते एवढंच आहे.

```python
def due_at(start, left, windows):
    for open_at, close_at in windows:
        begin = max(start, open_at)
        if close_at <= begin:
            continue
        if left <= close_at - begin:
            return begin + left
        left -= close_at - begin
    raise ValueError("calendar ended")
```

`windows` म्हणजे कामाच्या खिडक्यांची क्रमवार यादी: या क्षणाला उघडलं, त्या क्षणाला बंद झालं. सुट्टीच्या दिवसाची खिडकी यादीतच नसते, त्यामुळे सुट्टीसाठी वेगळी अट लागत नाही. जेवणाच्या वेळेत सपोर्ट बंद असेल तर त्या दिवसाच्या दोन खिडक्या होतात, बाकी काही बदलत नाही. तिकीट पहाटे आलं, रविवारी आलं, तरी `max` मुळे मोजणी आपोआप पुढच्या खिडकीच्या सुरुवातीपासून होते. आणि शेवटची ओळ हौसेनं लिहिलेली नाही. कुणी कॅलेंडर रिकामं ठेवलं, सगळे दिवस बंद असं भरलं, तर पुढचा दिवस, त्याच्या पुढचा दिवस असं शोधत जाणारा प्रोग्रॅम अनंतकाळ फिरत राहतो. खिडक्यांची यादी मर्यादित असावी आणि ती संपली तर स्पष्टपणे चूक दाखवावी. खोटी तारीख दाखवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता या कोडमधल्या एका चिन्हापाशी मी थोडा थांबणार आहे. `left <= close_at - begin`. इथे `<=` आहे. कुणी `<` लिहिलं तर काय होईल?

समजा तिकीट शुक्रवारी सकाळी १० ला आलं. १० ते ६ बरोबर ८ तास. `<=` असेल तर मुदत शुक्रवार संध्याकाळी ६. `<` असेल तर शुक्रवारची खिडकी पूर्ण वापरून शून्य मिनिटं उरतात, लूप पुढे जातो, आणि मुदत येते मंगळवार सकाळी ९. एका चिन्हानं भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन दिवसांहून जास्त फरक पडला. गंमत नाही, यावरून ग्राहकाशी वाद होतात.

मुद्दा असा की दोन्ही उत्तरं गणितानं बरोबर आहेत. कामाचं घड्याळ शुक्रवारी ६ ला ४८० दाखवतं आणि मंगळवारी ९ लाही ४८०च दाखवतं, कारण मधे ते हललंच नाही. कामाच्या घड्याळावरचा एकच आकडा भिंतीवरच्या अख्ख्या पट्ट्याला लागू पडतो. त्या पट्ट्यातला कोणता क्षण मुदत म्हणून सांगायचा, हे आपण ठरवायचं असतं. मी नेहमी पहिला क्षण घेतो, शुक्रवार ६. ग्राहकाला शुक्रवारपर्यंत उत्तर मिळायला हवं होतं हे सांगायला तोच खरा वाटतो, आणि टीमलाही घरी जाण्याआधी काय संपवायचंय ते कळतं.

पण इथे एक सापळा उरतो. टीममधली व्यक्ती त्या शुक्रवारी संध्याकाळी ६:३० ला उत्तर पाठवते. मुदत पाळली गेली का? एका स्क्रीनवर तपासणी अशी आहे: उत्तराची वेळ मुदतीच्या नंतर आहे का? ६:३० हे ६ च्या नंतर आहे, म्हणून तिकीट लाल. दुसऱ्या ठिकाणी, बहुतेक वेळा महिन्याच्या रिपोर्टमध्ये, तपासणी अशी आहे: कामाची किती मिनिटं खर्च झाली? ४८०. परवानगी किती? ४८०. तिकीट हिरवं. एकच तिकीट यादीत लाल आणि रिपोर्टमध्ये हिरवं. हा फरक फक्त मुदत बरोबर खिडकीच्या टोकाला संपते तेव्हाच येतो, म्हणून तो रोज दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा कुणाला कारण सापडत नाही. तुमच्याकडे यादी आणि रिपोर्टचे आकडे दोन-चार तिकिटांनी जुळत नसतील, तर ती तिकिटं काढून त्यांची मुदत बघा. सगळ्यांची संध्याकाळी ६ निघाली तर कारण सापडलं.

माझं मत असं की निकाल नेहमी खर्च झालेल्या मिनिटांवर द्यावा. करारात शब्द दिलेला असतो तो मिनिटांचा. मुदतीची तारीख आणि वेळ ही त्यातून काढलेली, माणसांना दाखवण्यासाठीची गोष्ट आहे. काही टीमना हे ढिलं वाटतं, ६ म्हणजे ६ असं त्यांना हवं असतं. तेही चालेल, पण मग ते करारात लिहा आणि दोन्ही स्क्रीनवर तीच एक तपासणी ठेवा.

खर्च झालेली मिनिटं धरून चालण्याचा खरा उपयोग कळतो तो तिकीट मधे थांबतं तेव्हा. सपोर्टचं काम एका दमात होत नाही. आपण ग्राहकाला विचारतो, एररचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि तो पाठवेपर्यंत मुदत मोजणं योग्य नाही. बुद्धिबळातल्या घड्याळासारखं आहे हे. डाव समोरच्याकडे गेला की आपलं घड्याळ थांबतं. बहुतेक करारांत अशी सोय असते.

आपलं ४:४० चं तिकीट पुढे नेऊ. मंगळवारी सकाळी १०:३० ला टीमनं प्रश्न विचारला आणि तिकीट ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत थांबलं. तोवर खर्च किती? शुक्रवारची ८० आणि मंगळवारची ९०, मिळून १७०. उरली ३१०. ग्राहकाचं उत्तर आलं मंगळवारी रात्री ८:१५ ला. मग नवी मुदत? ८:१५ ला ऑफिस बंद आहे, तेव्हा मोजणी बुधवारी सकाळी ९ ला सुरू होईल. ९ पासून ३१० मिनिटं, म्हणजे बुधवारी दुपारी २:१०.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे थांबलेला काळ साध्या घड्याळावर मोजून तो जुन्या मुदतीत मिळवणं. १०:३० ते रात्री ८:१५ म्हणजे पावणेदहा तास. जुनी मुदत मंगळवार दुपारी ३:४०, त्यात पावणेदहा तास मिळवले की बुधवारी रात्री १:२५. म्हणजे सगळे झोपलेले असताना मुदत संपली. बुधवारी सकाळी टीम येते तेव्हा तिकीट आधीच हुकलेलं असतं आणि उरलेल्या ३१० मिनिटांपैकी एकही त्यांना मिळालेलं नसतं.

तुम्हाला ताळा करायचा असेल तर एक सोपा उपाय आहे. थांबलेला काळ कामाच्या घड्याळावर मोजा. मंगळवारी १०:३० ते ६, म्हणजे ४५० मिनिटं. ६ नंतरचं काही धरायचं नाही. आता जुन्या मुदतीपासून, मंगळवार ३:४० पासून, कामाची ४५० मिनिटं पुढे जा. मंगळवारी ६ पर्यंत १४०, उरली ३१०, बुधवारी ९ पासून ३१०, दुपारी २:१०. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं पाहिजे. नाही आलं, तर कुठेतरी दोन घड्याळं एकमेकांत मिसळली आहेत.

म्हणून डेटाबेसमध्ये काय साठवायचं यावर माझा आग्रह आहे. आत्तापर्यंत खर्च झालेला कामाचा वेळ साठवा, आणि घड्याळ आत्ता चालू असेल तर ते शेवटचं कधी चालू झालं तो क्षण साठवा. मुदत त्यावरून काढा. नुसती मुदत साठवली आणि दर पॉजला ती सरकवत राहिलात, तर चौथ्या-पाचव्या पॉजनंतर ती कशी आली ते कुणालाच सांगता येत नाही. वेळ सेकंदांत ठेवा, कारण दर पॉजला मिनिटाचं पूर्णांक केलं की बऱ्याच वेळा थांबणाऱ्या तिकिटांवर तो फरक साचत जातो. आणि तिकीट थांबलेलं असताना त्याला मुदतच नसते, हे स्क्रीनवरही दिसू द्या. बऱ्याच ठिकाणी जुनी वेळ तशीच रकान्यात राहते, दर पाच मिनिटांनी चालणारा प्रोग्रॅम ती वाचतो, आणि मंगळवारी ३:४० ला, ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणाऱ्या तिकिटावर मुदत हुकल्याचा शिक्का मारतो. नंतर घड्याळ पुन्हा चालू झालं तरी तो शिक्का पुसला जात नाही.

आता याच तिकिटाची प्रायॉरिटी बदलते. बुधवारी सकाळी ११ ला ग्राहक सांगतो की आमचं सगळं काम अडलंय, आणि तिकीट ८ तासांच्या गटातून ४ तासांच्या गटात जातं. खर्च किती झालाय? १७० अधिक बुधवारची १२०, म्हणजे २९०. नवी परवानगी २४०. तिकीट प्रायॉरिटी बदलताक्षणी हुकलेलं आहे, आणि मागे जाऊन बघितलं तर ते १०:१० लाच हुकलं, तेव्हा त्याची प्रायॉरिटी साधीच होती. हे टीमला अन्यायाचं वाटतं, आणि मला ते समजतं. म्हणून काही जण म्हणतात, नवं लक्ष्य आत्तापासून मोजा. ११ पासून ४ तास. दुपारी ३.

पण जरा थांबा. प्रायॉरिटी वाढवायच्या आधी मुदत होती दुपारी २:१०. वाढवल्यावर ती झाली ३. तिकीट जास्त तातडीचं केलं आणि टीमला ५० मिनिटं जास्त मिळाली. हे कुणाच्याच हेतूत नसतं, पण कोडमध्ये घड्याळ शून्यावर आणलं की नेमकं हेच होतं. ही पळवाट एकदा लोकांच्या लक्षात आली की प्रायॉरिटी बदलणं ही मुदत वाढवायची युक्ती बनते. मला पटतो तो नियम असा: नवं लक्ष्य आत्तापासून मोजायचं असेल तर मोजा, पण जुनी आणि नवी यांपैकी जी मुदत आधी येते ती धरा. इथे ती २:१० राहील. ग्राहकासाठी काही बिघडलं नाही आणि टीमच्या माथी मागच्या तारखेची चूक आली नाही. काही करार मात्र सरळ सांगतात की लक्ष्य तिकीट आल्यापासूनच मोजायचं. तिथे १०:१० हेच खरं आणि त्यात सूट नाही.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली. त्या विचारतात, आमच्या करारात तास नाहीत, ‘एक कामाचा दिवस’ असं लिहिलंय, मग ते २४ तास धरायचे की ८? यातलं काहीही आपोआप धरू नका. आपल्या कॅलेंडरमध्ये एक दिवस ९ तासांचा आहे. शुक्रवारी ४:४० ला आलेल्या तिकिटाला एक कामाचा दिवस म्हणजे ५४० मिनिटं धरली तर मुदत मंगळवारी ४:४० येते, त्याच घड्याळी वेळेला, पुढच्या कामाच्या दिवशी. वाचणाऱ्यालाही बहुधा तेच अपेक्षित असतं. ८ तास धरले तर ३:४०. आणि ‘पुढच्या कामाच्या दिवसाअखेर’ असा अर्थ घेतला तर ६. तिन्ही अर्थ प्रामाणिक आहेत. त्यामुळे करारात मिनिटं किंवा तास लिहून घ्या. आणि शनिवारी अर्धा दिवस काम असेल तर ‘एक दिवस’ या मोजमापाला अर्थच उरत नाही, कारण दिवस सारखे नसतात. एक्सेलमधल्या `NETWORKDAYS` आणि `WORKDAY` वर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हेही सांगून टाकतो: ती सूत्रं अख्खे दिवस मोजतात, वेळ बघत नाहीत, आणि `NETWORKDAYS` दोन्ही टोकांचे दिवस धरतं. शुक्रवार ते मंगळवार, मधे सुट्टी नसेल, तर ते ३ म्हणेल, जरी तिकीट शुक्रवारी बंद व्हायच्या एक मिनिट आधी आलं असलं तरी.

आता घड्याळ कुणाचं, हा प्रश्न. सकाळी ९ म्हणजे कुणाचे ९? कॅलेंडरला स्वतःचा टाइमझोन असला पाहिजे, आणि तो `America/New_York` अशा नावानं लिहिला पाहिजे, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासून इतके तास मागे अशा आकड्यानं नाही. न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ हे हिवाळ्यात यूटीसीचे दुपारचे २ असतात आणि उन्हाळ्यात १, कारण तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात. आकडा पक्का लिहून ठेवला तर वर्षाचा मोठा भाग तुमच्या सगळ्या खिडक्या एक तास सरकलेल्या असतात. हे ओळखायची खूण म्हणजे मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये एका सोमवारपासून अचानक मुदती एक तासानं चुकायला लागतात.

दिवसा काम करणाऱ्या टीमला घड्याळ बदलण्याचा थेट त्रास नाही, कारण अमेरिकेत तो बदल रविवारी पहाटे २ ला होतो. रात्रपाळीला मात्र होतो. शनिवारी रात्री १० ते रविवारी सकाळी ६ ही पाळी दिसते ८ तासांची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती खरोखर ७ तासांची असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ९ तासांची. इथे पायथॉन वापरणाऱ्यांनी जपून राहावं: दोन वेळांना एकच टाइमझोन लावलेला असेल तर त्यांची वजाबाकी भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे होते, मधे घड्याळ बदललं ते धरलं जात नाही. वरच्या फंक्शनला खिडक्या यूटीसीमध्ये बदलून द्या. ९ आणि ६ हे त्या गावच्या घड्याळात ठरवायचं, तिथून ते क्षण यूटीसीत न्यायचे, आणि बेरीज-वजाबाकी फक्त यूटीसीत करायची.

रात्रपाळीत आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. सोमवारी सुट्टी आहे. रविवारी रात्री १० ला सुरू झालेली पाळी मध्यरात्री थांबते, की सकाळी ६ पर्यंत चालते? बरीच कॅलेंडरं पाळी मध्यरात्री कापून दोन तुकडे साठवतात, आणि सुट्टी तारखेला लागते. मग रविवारचे २ तास मोजले जातात, सोमवारी पहाटेचे ६ जातात, आणि सोमवारी रात्री १० ते १२ हेही जातात. टीम प्रत्यक्षात मात्र रविवारची पाळी पूर्ण करते आणि सोमवारची घेत नाही. यात बरोबर-चूक प्रोग्रॅमरनं ठरवायचं नाही. पाळी लावणाऱ्या माणसाला विचारायचं. सुट्टी पाळीला लागते की तारखेला, एवढा एकच प्रश्न.

सुट्ट्यांची यादी हा भाग दिसतो सोपा, पण बिघडतो तो वेळेमुळे. ती दरवर्षी कुणीतरी भरते, आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या तिकिटाची मुदत पुढच्या वर्षात पडते. तेव्हा पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या अजून भरलेल्या नसतात. प्रोग्रॅमला ते कळत नाही, तो त्या दिवसांना कामाचे दिवस समजतो आणि मुदत खूप आधीची देतो. म्हणून कॅलेंडरमध्ये ‘यादी इथपर्यंत खरी आहे’ अशी एक तारीख ठेवा, आणि मोजणी त्या तारखेपलीकडे गेली की मघाचीच चूक दाखवा, कॅलेंडर संपलं म्हणून. मधेच एखादी सुट्टी जाहीर झाली तर उघड्या तिकिटांच्या मुदती पुन्हा काढा. बंद झालेली तिकिटं मात्र हलवू नका. त्यांचा निकाल त्यावेळच्या कॅलेंडरप्रमाणे लागला, आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट आज वेगळा आकडा दाखवू लागला तर त्या रिपोर्टवर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही. निकालासोबत कॅलेंडरची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहून ठेवा.

हे सगळं बरोबर चाललंय का, हे तपासायला मी तीन चाचण्या चालवतो. पहिली: मुदत काढा, मग तिकीट आल्यापासून मुदतीपर्यंतची कामाची मिनिटं उलट मोजा. ती लक्ष्याइतकीच यायला हवीत. सुरुवातीचं ते मंगळवार सकाळी ९ हे उत्तर या चाचणीत लगेच पडतं, कारण उलट मोजणी ८० येते आणि हवी असतात ४८०. दुसरी: लक्ष्य सारखं असेल तर नंतर आलेल्या तिकिटाची मुदत आधीच्या तिकिटाच्या आधी कधीच येता कामा नये. तिसरी: ५ तास मिळवून मग ३ तास मिळवले, किंवा एकदम ८ मिळवले, उत्तर एकच. सुरुवातीची वेळ दर मिनिटाला पुढे सरकवत दोन-तीन आठवडे या चाचण्या फिरवा. त्यात एक लांब सुट्टी आणि एक घड्याळबदल येऊ द्या. टोकाच्या चुका तिथेच सापडतात.

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे इशारा. ‘मुदत संपायच्या एक तास आधी कळवा’ ही सोय सगळीकडे असते, आणि तो एक तास जवळजवळ सगळीकडे भिंतीवरच्या घड्याळाचा असतो. एखाद्या तिकिटाची मुदत मंगळवारी सकाळी ९:२० आहे. एक तास आधी म्हणजे ८:२०, तेव्हा कुणी आलेलंच नसतं. माणूस ९ ला येतो, इनबॉक्स उघडतो, आणि इशारा वाचेपर्यंत ९:२० झालेले असतात. कामाच्या घड्याळावर त्याच मुदतीच्या एक तास आधीचा क्षण म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ५:२०. इशारा तेव्हा जायला हवा, कारण त्या तिकिटासाठी हातात असलेला शेवटचा तास शुक्रवारी ५:२० ला सुरू होतो, सुट्टीभर थांबतो, आणि मंगळवारी ९:२० ला संपतो.